वीस चिक्क्यांचा हिशेब

सिगरेट सोडायची असेल तर आधी उधारी फेडा, असा हुकूम सात रस्त्याजवळच्या पानटपरीवर भर गर्दीत निघाला. तोही माझ्या नावावर, आणि ऑफिसातली चार पोरं शेजारी उभी असताना.

मी एका कारखान्याच्या ऑफिसात हिशेब बघतो. दिवसाला वीस सिगरेटी. डॉक्टरीणबाई नुसतं ‘सोडा’ म्हणून थांबल्या नाहीत. दोन आठवड्यांच्या आतली एक तारीख ठरवा, आणि तोवर प्रत्येक सिगरेट कधी ओढली नि का ओढली ते लिहून आणा, म्हणाल्या. दिवसभर दुसऱ्यांचे हिशेब लिहिणाऱ्याला वर हेही लिहायला लावणं म्हणजे जुलूमच. म्हणून टपरीवाल्याकडे वही मागितली. राज्यात सुटी सिगरेट विकायला २०२० पासून बंदी आहे, त्यामुळे हा गृहस्थ वहीत ‘चिक्की’ लिहितो. माझ्या नावापुढं पानंच्या पानं चिक्की.

“कशाला पायजे वही?”

“सोडतोय.”

“चिक्की?” त्यानं चुन्याचं बोट हवेतच थांबवलं. “आवो, सोडलेला मानूस या रस्त्यानं परत येत न्हाई. पयलं मागचं द्या.”

“देतो. कोणत्या वेळची किती ते सांग.”

“त्याला वही कशाला? च्यासंगं सात. तुमच्या सायबाचा फोन आला की एक, तो ठेवला की आनि एक, अशा सा. आनि ही पोरं पेटवतात म्हनून पाच. त्या पाच तुमाला नकोच असतात, नुसतं हातात धरून बोलत उभारता.”

“अठरा झाल्या.”

“घरच्या दोन मला कशा दिसनार? का तिथं बी येऊन उभारू?”

पोरं हसली. मला राग आला तो पोरांचा नव्हे. ज्या माणसाला मी रोज फक्त चुना लावताना बघितलं, त्यानं माझा जन्म तीन खात्यांत बसवला होता आणि जमाखर्च जुळत होता, त्याचा. वर विचारतो, “तारीख कंची? एक नको, पगाराची गर्दी असती.”

तारखेचा घोळ वेगळाच. मी ‘मार्च संपल्यावर’ म्हणालो तर बाई म्हणाल्या, दर वर्षी मार्च येतो. पहिले दोन-तीन दिवस तलफ आणि चिडचिड सगळ्यात जास्त. तेवढे तरी कामाच्या कचाट्याबाहेर ठेवा. माझ्याकडे ७ ला टीडीएस, ११ ला जीएसटीचं एक रिटर्न, २० ला दुसरं. उरली २१. तीच ठरली.

बाईंचा पुढचा प्रश्न : उठल्यावर पहिली कितव्या मिनिटाला? दात घासायच्या आधी, म्हटलं. अर्ध्या तासाच्या आत ओढणाऱ्याला २ मिलिग्रॅमची निकोटीन गोळी सहसा पुरत नाही, म्हणून चिठ्ठीवर ४ ची आली. ही गोळी चघळायची, पण च्युइंगमसारखी नाही. दोन-चार वेळा चावायची, तोंडात झणझणलं की गालात दाबून ठेवायची, झणझण ओसरली की पुन्हा चावायची, असा अर्धा तास. भराभर चावली तर निकोटीन गालातून रक्तात जायच्या ऐवजी पोटात जातं, मग उचक्या आणि मळमळ. आणि चहाच्या आधी पंधरा मिनिटं आणि चहासोबत गोळी बंद, कारण चहाच्या आंबटपणानं ती नीट लागू पडत नाही. म्हणजे माझ्या चहाच्या सात जागी गोळी कामाचीच नाही! तिथं चहाच कमी केला. तसाही करावाच लागतो. सिगरेट थांबली की चहा-कॉफीतलं कॅफिन शरीरात जास्त वेळ रेंगाळतं आणि आपण धडधडीला तलफ समजतो. गोळी ठेवली ती साहेबांच्या फोनसाठी. फोन साधारण साडेअकराला येतो, त्याच्या जरा आधी गालात. पोरांना सांगितलं, मला ‘चला’ म्हणू नका. तलफ पाचेक मिनिटांत उतरते, तेवढा वेळ गच्चीवर चालून यायचं.

कागदावर सगळं चोख. आज साहेब फोन न करता स्वतःच आले. गालात गोळी, त्यामुळे शब्द जाड.

“ऑफिसात मावा?”

सोलापुरात फुगलेल्या गालाचा दुसरा अर्थ निघत नाही. मी चिठ्ठी दाखवली. त्यांनी पूर्ण वाचली, शाबास म्हणाले. मग मी पाच मिनिटांसाठी गच्चीकडे निघालो तर मागून आवाज : “सिगरेट सोडली ना? मग आता कुठं चाललात?”

इतकी वर्षं धूर काढायला दिवसातून कितीदा उठलो, कुणी हूं की चूं केलं नाही. पाठ मोकळी करायला उठलो की चौकशी. ओढणाऱ्याला सुट्टी आणि न ओढणाऱ्याला खुर्ची, हा कुठला न्याय? आमच्या शेजारच्या टेबलावरच्या बाई वर्षानुवर्षं जागेवरून न हलता काम करतायत. त्यांनी कधी पाच मिनिटं मागितली असती तर दिली असती का कुणी?

गच्चीवर गेलोच. त्या बाईंनाही म्हटलं, चला. त्या म्हणाल्या, “मी कुठं सिगरेट ओढते?”