सिन्नरकरांच्या प्रतिक्रियेला उत्तर: भागायचे की वाढवायचे

वेल्डिंगच्या सांध्यांना किती रॉड मागवायचे ते काढायच्या माझ्या लेखात मी लिहिले होते की सांध्यात बसणाऱ्या धातूच्या वजनाला ०.६४ ने भागा. त्यावर आलेली प्रतिक्रिया आधी देतो.

सिन्नरकर: लेख वाचला. अगदी पुस्तकी. ०.६४ ने भागा म्हणे! नुकसान ३६ टक्के असेल तर ३६ टक्के वाढवायचे, हे शाळेतल्या पोरालाही कळते. कॅपचे क्षेत्रफळही चुकले आहे, वरचा फुगवटा त्रिकोणी नसतो. आणि शेडवर ३ मिमीचा गॅप कुठे येतो? तुम्ही कधी होल्डर हातात धरला नसावा. उगाच लोकांना चुकीचे शिकवू नका.

सिन्नरकर साहेब, नमस्कार.

एवढ्या तळमळीने लिहिलेत, आभारी आहे. थोडी तळमळ कमी आणि थोडे गणित जास्त असते तर उत्तर चार ओळींत संपले असते. ‘होल्डर धरला नसावा’ हे वाक्य मी दोनदा वाचले. मी सातपूरला आयटीआय सिग्नलच्या मागच्या एका शेडमध्ये हेल्पर म्हणून लागलो तेव्हा माझे काम रॉडचे ओव्हन पेटते ठेवणे आणि उरलेले तुकडे गोळा करणे हे होते. डाव्या मनगटावर छर्ऱ्यांचे डाग आजही आहेत. फोटो टाकणार नाही, कारण गणित डागांनी सिद्ध होत नाही. पण तुम्हीच तो विषय काढलात म्हणून सांगितले.

आधी तुमचे बरोबर काय ते मान्य करतो. कॅप मी त्रिकोण धरली होती. ती पसरट कमान असते आणि तिचे क्षेत्रफळ रुंदी गुणिले उंचीच्या दोन तृतीयांश धरतात. माझ्या उदाहरणात रुंदी १६.५ मिमी आणि उंची २ मिमी आहे, म्हणजे २२ चौरस मिमी व्हायला हवे होते. मी १६.५ धरले. फरक साडेपाच चौरस मिमीचा. किरकोळ आहे, पण चूक ती चूक.

आता तुमच्या ‘शाळेतल्या पोराला’ या वाक्याकडे. तुमच्यासाठी नाही, तुमच्या वाक्याखाली ज्या अकरा जणांनी अंगठा दाखवला आहे त्यांच्यासाठी सगळे पुन्हा मांडतो, कारण उद्या तेच लोक स्टोअरला इंडेंट म्हणजे मागणीची चिठ्ठी लिहिणार आहेत.

प्लेट १२ मिमी. एका बाजूने साठ अंशाचा व्ही, रूट फेस म्हणजे तळाची सरळ कड २ मिमी, रूट गॅप म्हणजे दोन प्लेटांमधली फट ३ मिमी. ग्रूव्हचे दोन भाग करा. गॅपची पट्टी वरपासून खालपर्यंत १२ मिमी उंच आणि ३ मिमी रुंद, म्हणजे ३६ चौरस मिमी. रूट फेस सोडल्यावर उतार १० मिमी खोल उरतो. दोन्ही बाजूंचे दोन काटकोन त्रिकोण जोडले की १० चा वर्ग गुणिले तीस अंशाचा टॅन, म्हणजे १०० गुणिले ०.५७७, म्हणजे ५७.७. त्यात कॅपचे २२ मिळवा. एकूण ११५.७ चौरस मिमी. एक मीटर सांध्यात हे ११५.७ घन सेंटिमीटर होते, आणि पोलादाची घनता ७.८५ असल्यामुळे मीटरला ९०८ ग्रॅम धातू बसतो. माझ्या उदाहरणातल्या टाकीचे सांधे ४८ मीटर होते. म्हणजे ४३.६ किलो. पाठीमागून गाऊजिंग करून म्हणजे खाच कोरून पुन्हा भरायचे असेल तर त्या खाचेचे क्षेत्रफळ वेगळे मिळवायचे, इथे ते नाही.

इथपर्यंत आपले भांडण नाही. हे ४३.६ किलो म्हणजे सांध्यात बसलेला धातू. स्टोअरमधून मात्र रॉड येतो, आणि रॉडवर फ्लक्सचा लेप असतो जो स्लॅग होऊन ठोकून निघतो, छर्रे उडतात, आणि शेवटी होल्डरमध्ये बोटभर तुकडा राहतो. ०.६४ हा आकडा मी पुस्तकातून उचललेला नाही. ४ मिमीचे, ४५० मिमी लांबीचे, ७०१८ जातीचे वीस लो-हायड्रोजन रॉड तोलले, १,३४० ग्रॅम भरले. स्वच्छ घासलेली प्लेट तोलली, ते वीसही रॉड प्रत्येकी ५० मिमी तुकडा ठेवून तिच्यावर जाळले, स्लॅग आणि छर्रे काढून पुन्हा तोलले. प्लेट ८५८ ग्रॅमनी वाढली. ८५८ भागिले १,३४० म्हणजे ०.६४. तुकड्यांचे नुकसान यातच आले आहे, म्हणून ते पुढे पुन्हा वजा करायचे नाही. ही चूकही अनेकजण करतात, ती तुम्ही केलेली नाही, हे तुमच्या बाजूने नोंदवतो.

आता नीट बघा. ३६ टक्के नुकसान कशाचे? विकत घेतलेल्या रॉडचे. १०० किलो रॉड आणला तर ३६ किलो गेला आणि ६४ किलो बसला. तुम्ही ३६ टक्के काढता ते बसणाऱ्या धातूचे, म्हणजे ६४ चे. त्या ६४ वर ३६ टक्के वाढवले तर ८७ होतात, १०० होत नाहीत. जे नुकसान खरेदीच्या पायावर मोजले ते बसलेल्या धातूच्या पायावर आणायचे तर ३६ ला ६४ ने भागावे लागते, आणि उत्तर ५६ टक्के येते. ०.६४ ने भागले की हेच आपोआप होते. एवढीच माझी पुस्तकी भानगड.

टाकीवर लावून बघू. माझ्या रीतीने ४३.६ भागिले ०.६४ म्हणजे ६८ किलो रॉड. तुमच्या रीतीने ४३.६ गुणिले १.३६ म्हणजे ५९.३ किलो. आता तुमचे ५९.३ किलो जाळा. त्यातून बसणार ३८ किलो. मीटरला ९०८ ग्रॅमनी ते ४१.८ मीटरला पुरतात. सहा मीटरहून जास्त सांधा उघडा राहील आणि रॉड संपलेले असतील. हे गृहीत नाही, गुणाकार आहे, करून बघा.

तुमचा गैरसमज कुठून आला याचा मला अंदाज आहे. तुम्ही बहुधा रॉडऐवजी वायर जाळणाऱ्या सीओटू वेल्डिंगवर काम केले आहे. सॉलिड वायरचा ९५ टक्के भाग बसतो. तिथे ४३.६ ला ०.९५ ने भागले तर ४५.९ येतात, आणि ५ टक्के वाढवले तर ४५.८. फरक शंभर ग्रॅमचा, वजनकाट्याच्या चुकीतच जिरणारा. म्हणून वायरवर तुमची रीत वर्षानुवर्षे चालली असेल आणि कुणी तक्रार केली नसेल. नुकसान जितके मोठे, तितकी दरी रुंद. रॉडवर आलात की ती पावणेनऊ किलोंची होते. (अंदाज चुकला असेल तर माफ करा. पण तुम्हीही माझ्या हातातल्या होल्डरबद्दल अंदाजच केला होता.)

ही दरी मी स्वतः भरली आहे, फुकट रात्रपाळीने. अंबडला एका फॅब्रिकेशन शेडवर सुपरवायझरच्या हाताखाली होतो. नाव सांगणार नाही, मालक आता हयात नाहीत. सुपरवायझरांनी तुमच्यासारखेच ‘वर पस्तीस टक्के’ लावून खडूने प्लेटवर आकडा लिहिला आणि मी तो इंडेंटवर उतरवला. शनिवारी रात्री शेवटच्या दोन सांध्यांवर रॉड संपले. स्टोअर बंद. शेजारच्या शेडवरून उघड्या पाकिटातले ७०१८ मागून आणले आणि ओव्हनमध्ये भाजायला वेळ नाही म्हणून तसेच वापरले. सोमवारी एक्स-रेमध्ये त्याच दोन सांध्यांत जागोजाग छिद्रे दिसली. दमट लो-हायड्रोजन रॉड म्हणजे नावात हायड्रोजन कमी आणि सांध्यात भरपूर. गाऊजिंग करून दोन्ही सांधे पुन्हा भरले. बोलणी मीच खाल्ली, कारण इंडेंटवर अक्षर माझे होते. तेव्हापासून मी भागतो. तुम्ही याला पुस्तकी म्हणालात तेव्हा मला ती रात्र आठवली, म्हणून सूर जरा चढला असेल.

तुमच्या बाजूने एक गोष्ट मात्र मीच मांडतो, कारण ती तुम्ही मांडली नाहीत. ०.६४ हा आकडा दगडावरची रेघ नाही. वेल्डरने ५० ऐवजी १०० मिमीचा तुकडा फेकला, तर ४५० पैकी ४०० ऐवजी ३५०च मिमी जळतो आणि आकडा ०.५६ वर येतो. मग त्याच टाकीला ६८ नव्हे, ७८ किलो लागतात. अडचणीच्या जागी, उंचावर, वाकलेल्या रॉडने काम चालले की असे होतेच. ओळखायचे कसे? दिवसाअखेर डब्यातले मूठभर तुकडे काढून त्यांची लांबी मोजा. सरासरी सत्तर मिमीच्या पुढे जात असेल तर इंडेंट आधीच फिरवा, रॉड संपायची वाट पाहू नका. आमच्या शेडमध्ये हे काम हेल्परकडे असायचे, म्हणजे माझ्याकडे.

गॅपबद्दल फार बोलत नाही. सूत्रात ३ घाला नाहीतर ४, ते तुमच्या हातात आहे. गॅप १ मिमी वाढला तर पट्टीत १२ चौरस मिमी वाढतात, कॅपही थोडी रुंदावते, आणि टाकीला ६८ चे ७६ किलो होतात. फिटिंग झाल्यावर दर सांध्यात पाच-सहा ठिकाणी गेज घालून सरासरी घ्यायची आणि ती सूत्रात टाकायची. फिटर प्लेट कशी लावतो याचा दोष माझ्या लेखावर कशाला? हो, आठ किलो म्हणजे वर मी ज्या फरकावर एवढे पान खर्च केले जवळपास तेवढेच, हे माझ्याही लक्षात आले. तरी तो वेगळा विषय आहे.

‘लोकांना चुकीचे शिकवू नका’ यावर काही लिहीत नाही.

मूळ लेखात कॅपचा आकडा आज सकाळी बदलला आहे. आधी टाकीला ६५ किलो लिहिले होते, आता ६८ आहे. दुरुस्तीखाली तुमचे नाव दिले आहे. नको असेल तर कळवा, काढतो. आणि वीस रॉड तोलून बघितलेत तर तुमचा आकडा इथेच लिहा. तुमचे रॉड वेगळे, वेल्डर वेगळा, तेव्हा तो ०.६४ येणार नाही. ०.६० आला तरी चालेल, फक्त त्याने भागा.