गाडीचा चौथा वाढदिवस

नवतपातल्या दुपारी नागपुरात सगळी वाहनं सावली बघून थांबतात. सिग्नल पुढे असला तरी आपण पन्नास फूट मागे, झाडाखाली. वर्धा रोडवर झाडाची जागा मेट्रोच्या खांबाने घेतलीय, एवढाच फरक. ३१ मेच्या दुपारी माझ्या पुढे कूलर लादलेला एक टेम्पो होता. त्याला खांबाची सावली दिसली आणि तो जागीच थांबला. मला टेम्पो दिसला, पण थोडा उशिरा. बंपर, डावा हेडलाइट आणि बोनेट टेम्पोखाली गेलं. वरून एक कूलर कलंडला आणि त्याच्या स्टँडचा पाय समोरच्या काचेत घुसला. टेम्पोवाला उतरला, आधी कूलर तपासला, मग मला म्हणाला, "काही नाही झालं जी, पॅडबी भिजलेलेच आहेत."

गॅरेजचं बिल झालं ६३,५०० रुपये. रक्कम पन्नास हजारांच्या वर असल्यामुळे विमा कंपनीने परवानाधारक सर्वेयर पाठवला. शर्टच्या खिशात चार पेन असलेला हा शांत माणूस गाडीभोवती फिरला, फोटो काढले, बोनेटवर टिचकी मारली आणि गेला. दहा दिवसांनी मंजूर रक्कम कळली: ३९,५००.

चोवीस हजार गेले कुठे? गॅरेजवाला म्हणाला, "डेप्रिसिएशन गेलं भाऊ. असंच असते." असंच असते हे उत्तर मी पाणीपट्टीपासून जावयापर्यंत सगळ्या बाबतीत ऐकलेलं आहे. पण या वेळी मी हट्टाने सर्वे रिपोर्टची प्रत मागवली. विमेदाराने मागितली की ती द्यावी लागते, हे शेजारच्या काकांनी सांगितलं. काका हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेत आणि दुसऱ्याचे कागद वाचताना त्यांची तब्येत सुधारते.

रिपोर्ट चार पानांचा होता. डावीकडे गॅरेजने मागितलेली रक्कम, उजवीकडे सर्वेयरने मान्य केलेली. उजवी बाजू पुन्हा तीन रकान्यांत वाटलेली: धातू, प्लास्टिक-रबर, काच. माझी गाडी मी आयुष्यभर एक वस्तू समजत होतो. सर्वेयरच्या लेखी ते तीन जातींचं गाव होतं आणि प्रत्येक जातीला वेगळा न्याय.

काचेची वट सगळ्यात मोठी. समोरची काच ६,००० ची, कपात शून्य. काच म्हातारी होत नाही, असा सरळ हिशेब. प्लास्टिकचं उलट, ते जन्मतःच म्हातारं. गाडी शोरूममधून काल निघालेली असो की नऊ वर्षांची, बंपर बदलला की निम्मे पैसे गेलेच. बंपर, जाळी आणि हेडलाइट मिळून माझे बारा हजार होते, त्यातले सहा कापले.

इथे मी काकांना अडवलं. "हेडलाइट प्लास्टिकमध्ये कसा? काच आहे ना ती! काचेला शून्य!" काकांनी काही न बोलता मला अंगणात नेलं, स्वतःच्या गाडीच्या हेडलाइटवर नखाने टकटक केलं आणि मग खिडकीच्या काचेवर. एक आवाज डब्यासारखा, दुसरा टणटणीत. हल्ली हेडलाइट पारदर्शक प्लास्टिकचे असतात, आतला साचाही प्लास्टिकचाच. पाच हजारांच्या हेडलाइटचं सोंग उतरलं आणि अडीच हजार गेले.

आता धातू. बोनेट, डावं फेंडर आणि एसीचा कंडेन्सर मिळून २०,०००. धातूला गाडीच्या वयाप्रमाणे कपात लागते. पहिले सहा महिने काहीच नाही. वर्षापर्यंत पाच टक्के, दोन वर्षांपर्यंत दहा, तीनपर्यंत पंधरा. मग चाल वाढते: चार वर्षांपर्यंत पंचवीस आणि पाचपर्यंत पस्तीस. रिपोर्टात माझ्या गाडीला पस्तीस टक्के लावले होते, म्हणजे सात हजार.

"गाडी चारच वर्षांची आहे," मी म्हणालो.

काकांनी आरसी मागितली. नोंदणी १२ मे २०२१. अपघात ३१ मे २०२५. वय धरायचं ते अपघाताच्या दिवशीचं. गाडीला चार वर्षं पूर्ण होऊन १९ दिवस झाले होते.

त्या टेम्पोवर मी १२ मेच्या आधी आदळलो असतो, तर पंचवीस टक्के, म्हणजे पाच हजार गेले असते. वाढदिवस उलटल्यामुळे दोन हजार जास्त. आमच्या घरी माणसांचे वाढदिवस लक्षात राहत नाहीत, हा सौ.चा जुना आरोप आहे. गाडीच्या बाबतीतही तो सिद्ध झाला.

पुढच्या ओळी भराभर वाचल्या. ऑइल, गॅस, क्लिपा असली किरकोळ, म्हणजे कंझ्युमेबल, १,५०० ची, नामंजूर. जुन्या पत्र्याच्या भंगाराचे पाचशे वजा. दीड हजार सीसीच्या आतल्या गाडीला सक्तीने भरावे लागणारे एक हजार वजा. मजुरीचे आठ हजार मात्र जसेच्या तसे मान्य, कारण मजुरी झिजत नाही. झिजतो तो मजूर, पण त्याला रकाना नाही.

मग रंग. पेंटिंगचे १६,००० आणि समोर लिहिलेलं: वजा ५०%, ८,०००.

काका थांबले. चष्मा काढला, पुसला, परत लावला. हेडक्लार्क हे तेव्हाच करतो, जेव्हा त्याला दुसऱ्याची चूक सापडते.

"पॉलिसी आण."

पॉलिसीचं पुस्तक मी प्रथमच उघडत होतो. त्यात स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा पहिलाच भाग आहे आणि तिथेच हे सगळे टक्के छापलेले आहेत. त्याच यादीत रंगाचीही ओळ होती. रंगकामात पन्नास टक्के कपात फक्त मालावर, म्हणजे रंग, थिनर, पुट्टीवर. रंगाऱ्याच्या हातावर नाही. गॅरेजने दोन्हींचं एकत्र बिल दिलं असेल, तर एकूण रकमेच्या पंचवीस टक्के हा माल धरायचा.

काकांनी रिपोर्टच्या मागेच मांडलं. सोळा हजारांचा चौथा हिस्सा चार हजार. त्याचे निम्मे दोन हजार. कापायचे होते दोन, कापले आठ. "सहा हजार तुझे," काका म्हणाले, आणि 'तुझे' म्हणताना त्यांना जरा जड गेलं.

मी सर्वेयरला फोन केला. आवाज चढवायची पूर्ण तयारी होती, पण त्याने "एक मिनिट जी" म्हणून कागद चाळले आणि सांगितलं, "बरोबर आहे तुमचं. पेंट मटेरियलच्या रकान्यात पूर्ण बिल पडलं. ईमेल टाका, दुरुस्ती पाठवतो." तयार केलेलं माझं भाषण वाया गेलं. ते संध्याकाळी मी गॅरेजवाल्याला ऐकवलं. तो म्हणाला, "भाऊ, झिरो डेप घेतलं असतं, तर प्लास्टिक, पत्रा, पेंट, काहीच कापलं नसतं न."

हे सौ.समोर म्हणायला नको होतं. मेमध्येच नूतनीकरण करताना 'झिरो डेप्रिसिएशन' या चौकोनातली खूण मीच काढली होती आणि वाचवलेल्या पैशांत आम्ही हॉटेलात जेवून आलो होतो. तिने शांतपणे हिशेब केला: सहा, सात आणि दोन. "पंधरा हजारांचं पनीर खाल्लं आपण."

जूनच्या शेवटी दुरुस्त रक्कम मंजूर झाली, ४५,५००. मी रिपोर्ट फायलीत लावत होतो, तर काका कुंपणावरून डोकावले.

"नो क्लेम बोनस किती होता रे तुझा?"

"पंचेचाळीस टक्के. चार वर्षं क्लेम नव्हता ना."

"हं," काका म्हणाले. चष्मा काढला, पुसला, परत लावला.