कनेक्टेड म्हणतोय आणि मीडिया ऑडिओचा पत्ताच नाही

डोकं फिरलंय राव. ब्लूटूथच्या सेटिंगमध्ये इअरफोनच्या नावाखाली कनेक्टेड लिहिलंय, बॅटरी किती उरलीय ते पण दाखवतंय, आणि गाणं लावलं की ते फोनच्या स्पीकरमधनं अख्ख्या केएमटी बसला ऐकू जातंय. नावाशेजारच्या गिअरच्या खुणेवर दाबून आत गेलं तर फोन कॉलचं बटण आहे, कॉन्टॅक्ट शेअरिंगचं आहे, आणि मीडिया ऑडिओ नाहीच. बंद करून ठेवलेला असता तर चालू केला असता, इथं ती ओळच गायब आहे. कुणाला विचारलं की उत्तर ठरलेलं, "अरे ते मीडिया ऑडिओ ऑन कर की." कुठनं ऑन करू, दिसू तर दे आधी!

हे आमच्या आतेभावाच्या अँड्रॉइड फोनवर झालंय. पोरगं रोज इचलकरंजीला जातंय-येतंय, एसटीत लेक्चर ऐकतंय, म्हणून इअरफोन घेतले. कॉल आला की कानात एकदम क्लिअर, आत्याशी बोलतंय, सगळं व्यवस्थित. लेक्चर लावलं की आवाज फोनमधनं. राजारामपुरीतल्या एका दुकानात दाखवलं तर त्या माणसानं इअरफोन हातात फिरवून बघितले आणि सांगितलं, पीस गेलाय, नवीन घ्या. अरे कॉलचा आवाज दोन्ही कानात येतोय म्हणजे आतले स्पीकर जिवंत आहेत की, मग पीस कसा काय गेला? एवढा साधा विचार करायला काय जातंय? त्याच्याकडं तेवढे पैसे असते तर तो दुकानात विचारायला आला असता का?

मुळात कनेक्टेड या एका शब्दानं सगळा घोळ घातलाय. ब्लूटूथमध्ये कॉल आणि गाणी एकाच वाटेनं जात नाहीत. कॉलसाठी हँड्सफ्री नावाचं प्रोफाइल असतंय, एचएफपी म्हणतात त्याला, आणि गाणी, व्हिडिओ, लेक्चर या सगळ्यासाठी वेगळं, एटूडीपी. सेटिंगमधला मीडिया ऑडिओ म्हणजे हे एटूडीपी. दोन्हीतलं एक जरी जोडलं गेलं तरी फोन बिनधास्त कनेक्टेड लिहून मोकळा होतोय. आणि पेअरिंग करताना फोन इअरफोनला विचारून घेतो की बाबा तुझ्याकडं काय काय सोय आहे, त्याची यादी स्वतःकडं साठवतो, आणि त्या यादीत जे आहे त्याचीच बटणं त्या स्क्रीनवर काढतो. म्हणजे ओळ दिसत नाही याचा अर्थ हा इअरफोन गाणी वाजवू शकतो हे या फोनला ठाऊकच नाही. बटण दिसतंय पण बंद आहे, हा प्रकार वेगळा. तिथं फोनला माहीत आहे, कुणीतरी बंद केलंय, चालू केलं की विषय संपला. हे दोन्ही एकच समजून जो तो सल्ला देत सुटलाय, त्याचाच सगळ्यात जास्त राग येतोय.

मग ती यादी अर्धवट का राहते? बहुतेक वेळा पेअरिंगच्या वेळीच गडबड झालेली असते. विचारपूस चालू असताना इअरफोन परत डबीत टाकला, बॅटरी संपत आली होती, किंवा शेजारच्या लॅपटॉपनं मधेच तो इअरफोन ओढून घेतला, की कॉलचं नोंदलं जातं आणि गाण्याचं राहून जातं. आणि फोन पुढं रोज तीच अर्धी यादी धरून बसतो. म्हणून ब्लूटूथ बंद-चालू करून काही फरक पडत नाही, कितीही करा.

दुसरं कारण, लो एनर्जीचं पेअरिंग, म्हणजे ब्लूटूथची ती कमी बॅटरी खाणारी वेगळी जोडणी. शोधताना एकाच इअरफोनचं नाव कधीकधी दोनदा येतं, काहींच्या नावाआधी LE_ असतं. ती नोंद बऱ्याचदा कंपनीच्या अ‍ॅपसाठी असते, बॅटरी बघायला, सेटिंग बदलायला. चुकून तीच जोडली तर कनेक्टेड येणारच, पण मीडियाही नाही आणि कॉलही नाही. इथंच फरक ओळखता येतो बघा: फक्त कॉलचं बटण दिसत असेल तर यादी अर्धवट राहिल्याचा संशय घ्या, दोन्ही नसतील तर नोंद चुकीची जोडलीय का ते आधी बघा. आणि एका कानाचे जुने कॉलवाले हेडसेट असतात, त्यातल्या काहींत एटूडीपी मुळातच नसतं, त्यांच्यावर डोकं आपटून काही मिळणार नाही.

आता आतेभावाचं कसं शोधलं ते सांगतो, दुकानदारानं हे दोन मिनिटांत करायला पाहिजे होतं. तेच इअरफोन आत्याच्या फोनला जोडले. मीडिया ऑडिओ लगेच दिसला, गाणं कानात. म्हणजे इअरफोन चांगले, खोट ह्याच्या फोनमधल्या जुन्या नोंदीत. आत्याच्या फोनवर पण दिसला नसता तर इअरफोनवर संशय घेतला असता, आणि ह्याच्या फोनला दुसरे कुठलेच इअरफोन नीट लागत नसते तर फोनवर.

मग ह्याच्या फोनमधनं नाव फॉरगेट केलं. पण नुसतं एवढं करून थांबायचं नाही, इअरफोनच्या डोक्यात पण जुनी जोडणी असते. दोन्ही बड डबीत ठेवून डबीचं बटण लाइट बदलेपर्यंत दाबून धरलं (प्रत्येक मॉडेलची पद्धत वेगळी, सोबतच्या कागदावर असते, तो फेकू नका), आत्याच्या फोनचं आणि लॅपटॉपचं ब्लूटूथ बंद केलं, फोन रीस्टार्ट केला आणि चार्ज असलेल्या इअरफोननं पहिल्यापासनं पेअर केलं. कनेक्टेड आल्यावर लगेच हात न लावता थोडं थांबलो. आत गेलो तर मीडिया ऑडिओची ओळ हजर! एवढ्यासाठी तो दुकानदार नवीन पीस विकत होता.

ह्यानं पण नाही जमलं तर फोनच्या रीसेट ऑप्शनमधलं वायफाय आणि ब्लूटूथ रीसेट करायचं. फोटो वगैरे जात नाहीत, पण सेव्ह केलेले वायफायचे पासवर्ड आणि जोडलेली सगळी ब्लूटूथ उपकरणं उडतात, ते आधी लिहून ठेवा. आणि ते मोनो ब्लूटूथवाले अ‍ॅप टाकायला सांगतात ना काहीजण, ते गाणं कॉलच्या वाटेनं ढकलतात. आवाज येतो, पण कॉलसारखाच, 8 किंवा 16 किलोहर्ट्झ सॅम्पलिंगचा, आणि स्टीरिओ जातो तो जातोच. चांगल्या इअरफोनवर असलं ऐकायचं कशाला?

आणि फोन बनवणाऱ्यांनो, ओळ लपवताय कशाला? "या इअरफोनची मीडिया सेवा सापडली नाही, पुन्हा पेअर करा" एवढं तिथं लिहा की. विंडोजमध्ये कनेक्टेडच्या पुढं व्हॉइस आणि म्युझिक असं वेगळं लिहून येतं, निदान कळतं तरी काय जोडलंय. तुमच्या त्या स्क्रीनवर अर्धी जागा रिकामी पडलीय, आणि इकडं पोरं चांगले इअरफोन कचऱ्यात टाकून नवे घ्यायला चाललीत.