पाठलागात गोंधळ म्हणजे थरार नव्हे

"पाठलागाच्या सीनमध्ये कॅमेरा हलवा, कट झपाझप मारा. कोण कुठे आहे हे प्रेक्षकाला कळलं नाही तरी चालतं, गोंधळातूनच थरार येतो."

पाठलागाच्या सीनबद्दल असा सल्ला दिला जातो, पण तो मला पटत नाही. आधी कटचं बोलू. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (२०१५) या दोन तासांच्या सिनेमात सुमारे २,७०० कट आहेत, तरी कुठली गाडी पुढे आणि कुठली मागे हे आपल्याला कळत राहतं. दिग्दर्शक जॉर्ज मिलर यांनी प्रत्येक शॉटमधली महत्त्वाची गोष्ट फ्रेमच्या मध्यावर ठेवायला लावली होती. त्यामुळे कट पडला की नजरेला नव्या चित्रात शोधाशोध करावी लागत नाही. म्हणजे कट वेगवान असणं हा दोष नाही. पण तो वेग पेलतो तो अशा बेतामुळे, आणि हा बेत शूटिंगच्या वेळीच करावा लागतो. एडिटवर तो आणता येत नाही.

आता गोंधळ आणि थरार. एक साधा सीन घ्या. मुलगी स्कूटरवर, मागे जीप, पुढे बंद होऊ लागलेलं रेल्वे फाटक. इथे जीव टांगणीला लागतो तो दोन अंतरांमुळे: जीप आणि स्कूटरमधलं, स्कूटर आणि फाटकातलं. ही अंतरं दिसलीच नाहीत तर भीती कशाची वाटायची? म्हणून सुरुवातीलाच दुरून घेतलेला एक वाइड शॉट हवा, ज्यात तिन्ही गोष्टी एकत्र दिसतील. पुढे अंतर बदलेल तसा तो पुन्हा हवा. लांब टेली लेन्सने समोरून घेतलं तर पन्नास मीटर मागची जीप स्कूटरला चिकटल्यासारखी दिसते. पुढच्याच शॉटमध्ये ती दूर दिसली की प्रेक्षकाचा विश्वास उडतो.

सगळ्यात जास्त घोळ दिशेचा होतो. स्कूटर डावीकडून उजवीकडे जात असेल तर जीपही तशीच जायला हवी. कॅमेरा रस्त्याच्या पलीकडे नेला की जीप उजवीकडून येते, आणि दोघं समोरासमोर आदळणार असं वाटतं. मी एडिट केलेल्या एका शॉर्ट फिल्ममध्ये नेमकं हेच झालं होतं. शेवटी अगदी मागून घेतलेला, डावं-उजवं नसलेला एक शॉट मध्ये घातला, तेव्हा दिशा जुळली. स्कूटर वळण घेताना एकाच शॉटमध्ये दाखवली असती तर तोही लागला नसता.

गोंधळाला जागा आहे, पण थोडीच. धुळीत मुलीलाच रस्ता दिसेनासा झाला, तर आपल्यालाही दोन-तीन सेकंद दिसू नये. धूळ बसली की मात्र लगेच वाइड हवा.

रफ कट झाला की आवाज बंद करून सीनची माहिती नसलेल्या माणसाला दाखवा. मध्येच थांबवून विचारा, जीप कुठे आहे आणि मुलीला कुठे पोहोचायचंय? तो जिथे अडखळेल, तिथे एक शॉट कमी आहे.