तनिष्क, कॅरटलेन आणि फास्ट्रॅक: नकाशा कसा जुळवावा

“तनिष्क आणि कॅरटलेन या दोन वेगळ्या कंपन्या आहेत, की एकाच कंपनीचे दोन ब्रँड?”

तनिष्क ही कंपनी नाही. तो टायटन कंपनी लिमिटेडच्या दागिने विभागाचा ब्रँड असून मिया आणि झोया हेही त्याच विभागात मोडतात. कॅरटलेन मात्र स्वतंत्र नोंदणी असलेली उपकंपनी आहे. टायटनने 2016 मध्ये तिच्यात बहुसंख्य हिस्सा घेतला आणि 2023 मध्ये संस्थापकांकडील 27.18 टक्के हिस्सा 4,621 कोटी रुपयांना घेण्याचा करार केला. ती उपकंपनी असल्यामुळे टायटनच्या स्वतंत्र आर्थिक विवरणात कॅरटलेनची विक्री दिसत नाही, उपकंपन्या धरून केलेल्या एकत्रित आर्थिक विवरणात दिसते. दोन्हींची सरमिसळ झाली की दागिन्यांच्या व्यवसायाची तुलना फसते.

फास्ट्रॅक याहून अवघड आहे, कारण त्याची घड्याळे एका विभागात आणि चष्मे दुसऱ्या विभागात मोजले जातात. म्हणून कोणता ब्रँड कोणत्या विभागात येतो याचा तक्ता करताना ब्रँडसमोर एकच विभाग न लिहिता ब्रँड आणि उत्पादनप्रकार यांच्या प्रत्येक जोडीला वेगळी ओळ द्यावी, असे माझे ठाम मत आहे.

कायदेशीर विक्रेता ओळखण्यासाठी बिलावरील पंधरा अक्षरी जीएसटी क्रमांक पाहावा. पहिले दोन अंक राज्याचे आणि पुढची दहा अक्षरे पॅनची असतात. राज्ये वेगळी असूनही पॅन एकच असेल, तर विक्रेता एकच. मात्र फ्रँचायझी दुकानात माल फ्रँचायझीधारकाने स्वतः विकत घेतलेला असेल, तर बिलावर त्याचाच पॅन येतो आणि त्यावरून ब्रँडचा मालक ठरवता येत नाही.