'सगळे रिपोर्ट हेच सांगतात' म्हणणाऱ्या त्या मेसेजला शिरोलीतून उत्तर

"सगळ्या जागतिक रिपोर्टांचं एकच म्हणणं आहे. २०३० पर्यंत सगळ्यात फास्ट वाढणाऱ्या नोकऱ्या म्हणजे डेटा, एआय आणि फिनटेक. भारतात हायरिंग ४० टक्क्यांनी वाढणार. फाउंड्री, मशिनिंग ही कामं कुठल्याच रिपोर्टात दिसत नाहीत, म्हणजे ती संपली. बारावी झालेल्या मुलांना आत्ताच डेटा सायन्सला घाला, चार वर्षांनी आभार मानाल."

हा मेसेज मला पंधरा दिवसात पाच ग्रुपवर आला, त्यातले दोन आमच्या कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या पालकांचे आहेत. मी शिरोली एमआयडीसीत एका कास्टिंग-मशिनिंग युनिटमधे, म्हणजे धातू ओतून पार्ट काढणाऱ्या आणि ते मशीनवर घडवणाऱ्या कारखान्यात, अकरा वर्षं भरतीचं काम बघते, हे रिपोर्ट दर महिन्याला वाचते, आणि या मेसेजवर कर्ज काढून फी भरणारे आईबाप मला भेटलेत, म्हणून सविस्तर लिहिते.

'सगळ्यात फास्ट' पासून सुरू करूया. हे वाक्य आलंय वर्ल्ड इकॉनॉमिक फोरमच्या जानेवारी २०२५ च्या फ्युचर ऑफ जॉब्ज रिपोर्टमधून, आणि ते खोटं नाही. पण त्या रिपोर्टमधे दोन वेगळ्या याद्या आहेत. एक यादी टक्क्यांनी वाढणाऱ्या कामांची, तिच्यात बिग डेटा स्पेशालिस्ट, फिनटेक इंजिनीअर, एआय-मशीन लर्निंगवाले वर आहेत. दुसरी यादी आकड्याने सगळ्यात जास्त जागा कुठे वाढणार याची, आणि तिच्यात सगळ्यात वर शेतात काम करणारे, मग डिलिव्हरी ड्रायव्हर, सॉफ्टवेअर डेव्हलपर, बांधकाम कामगार, दुकानातले सेल्सवाले. मेसेजवाल्याने पहिली यादी उचलली आणि दुसरी सोडून दिली. टक्का हा पायावर अवलंबून असतो ओ. समजा एका गावात डेटाचं काम करणारे ४० जण आहेत आणि ते दुप्पट झाले, तर वाढ १०० टक्के पण नव्या जागा फक्त ४०. त्याच गावात मशीन ऑपरेटर ६००० आहेत आणि ते ५ टक्क्यांनीच वाढले तर नव्या जागा ३००. शिवाय त्या ६००० मधले जे रिटायर होतात, गावी जातात, स्वतःचं वर्कशॉप टाकतात त्यांच्या जागा वेगळ्या, म्हणजे वाढ शून्य असली तरी दरवर्षी माणसं घ्यावीच लागतात, आणि वाढीच्या टक्क्यात या जागा कुठंच दिसत नाहीत. आमच्याकडची बहुतेक भरती अशीच असते, कोण तरी गेला म्हणून.

आणि तो रिपोर्ट म्हणजे जगभरातल्या हजारावर मोठ्या कंपन्यांना विचारलेलं 'तुम्हाला काय वाटतं'. ती त्यांची अपेक्षा आहे, झालेल्या भरतीची मोजणी नाही.

४० टक्क्यांची गोष्ट तर सरळ वाचायची चूक आहे. मॅनपॉवरग्रुपचा तिमाही सर्व्हे येतो, त्यात २०२५ च्या पहिल्या तिमाहीला भारताचा आकडा ४० टक्के होता, जगात सगळ्यात वर. पण तो आकडा असा निघतो: १०० कंपन्यांना विचारलं, ५५ म्हणाल्या माणसं वाढवणार, १५ म्हणाल्या कमी करणार, बाकीच्या म्हणाल्या आहे तसंच, तर ५५ वजा १५ म्हणजे ४० (५५ आणि १५ मी समजायला घेतलेत). किती माणसं घेणार हे त्यात नाहीच. दोन माणसं घेणारी कंपनी पण 'वाढवणार' मधे एक आणि दोन हजार घेणारी पण एकच. त्यामुळे हा आकडा मागच्या तिमाहीशी ताडून बघायला चांगला, मूड वर चाललाय का खाली एवढं कळतं, पण 'नोकऱ्या ४० टक्के वाढणार' असं त्यातून कधीच निघत नाही.

आता 'रिपोर्टात दिसत नाही म्हणजे संपलं' हा मुद्दा, यावर मला जास्त बोलायचंय कारण नुकसान इथं होतं.

दर महिन्याला पेपरात 'हायरिंग इतकं वाढलं' म्हणून बातमी येते ती बऱ्याचदा नोकरी डॉट कॉमच्या जॉबस्पीक इंडेक्सवरून. त्या साइटवर किती जाहिराती पडल्या, कंपन्यांनी किती उमेदवार शोधले यावरून तो निघतो, आणि तो ऑफिसच्या नोकऱ्यांचा आहे. कॅम्पस प्लेसमेंट, गिग काम, गावपातळीवरची भरती त्यात धरत नाहीत, हे रिपोर्टमधेच लिहिलेलं असतं. आता शिरोली, गोकुळ शिरगाव, कागलला माणूस कसा घेतात ते बघा. गेटवर बोर्ड लागतो 'व्हीएमसी ऑपरेटर पाहिजेत', म्हणजे कॉम्प्युटरवर चालणारं कटिंग मशीन चालवणारे, आयटीआयच्या सरांना फोन जातो, सुपरवायझर आपल्या व्हॉट्सअपवर टाकतो, नाहीतर ठेकेदार चार पोरं घेऊन येतो. मी गेल्या वर्षी शॉपफ्लोअरला जेवढी माणसं घेतली त्यातल्या एकाचीही जाहिरात कुठल्या पोर्टलवर नव्हती. मग इंडेक्समधे आम्ही दिसणार कुठून?

सरकारी आकड्यातही असंच होतं. ईपीएफओ दर महिन्याला किती नवे पीएफ खातेदार झाले ते उद्योगवार देतं, आणि त्यात सगळ्यात मोठा वाटा असतो 'एक्स्पर्ट सर्व्हिसेस'चा. नाव ऐकून सल्लागार, आयटीवाले डोळ्यासमोर येतात, पण त्या गटात मॅनपावर सप्लायर, ठेकेदार, सिक्युरिटी एजन्सी येतात. आमच्याच मशीनवर उभा असलेला, सकाळी सातपासून ट्रॅक्टरचं हाउसिंग बोअर करणारा पोरगा, त्याचा पीएफ ठेकेदाराच्या कोडवर जातो, म्हणून तो त्या यादीत इंजिनीअरिंगमधे नाही तर एक्स्पर्ट सर्व्हिसेसमधे मोजला जातो. (आणि २० पेक्षा कमी माणसांच्या वर्कशॉपला पीएफ सहसा लागूच नाही, उद्यमनगरातले कितीतरी शेड यात येतच नाहीत.)

याचा अर्थ फाउंड्रीत सगळं आलबेल आहे असं मी म्हणत नाही. काही काम खरंच कमी होणार आहे, पण ते सेक्टरच्या नावावरून कळत नाही, पार्टच्या नावावरून कळतं. सिलिंडर हेड, ब्लॉक, एक्झॉस्ट मॅनिफोल्ड हे पार्ट इलेक्ट्रिक गाडीत लागत नाहीत. ब्रेक ड्रम, हब, कॅलिपर गाडी कशावरही चालू दे लागणारच, पंपाचं कास्टिंग आणि ट्रॅक्टरचं हाउसिंग वेगळ्याच बाजारावर चालतं. म्हणून इंटरव्ह्यूला गेल्यावर 'इथं कुठला पार्ट निघतो, कुणासाठी' एवढं विचारा, फाउंड्री बुडणार का हे विचारण्यापेक्षा त्यातून जास्त कळतं.

चार वर्षांचा मुद्दा राहिला. रिपोर्ट आजची हवा सांगतो आणि पोरगं बाहेर पडतं चार वर्षांनी, मधल्या काळात तोच रिपोर्ट वाचून हजारो पोरं त्याच दारातून आत आलेली असतात. २०२१-२२ आठवा, आयटीत माणूस मिळेना म्हणून सगळे रिपोर्ट ओरडत होते, एकट्या टीसीएसने त्या आर्थिक वर्षात निव्वळ १,०३,५४६ माणसं वाढवली. २०२३-२४ मधे त्याच कंपनीत १३,२४९ माणसं कमी झाली. मधे फक्त एक वर्ष गेलं. कंपनी वाईट झाली असं नाही, कोविडच्या तेजीत सगळ्यांनीच भरून ठेवलं होतं आणि मग मागणी थंडावली. पण २०२१ चा मथळा वाचून ज्याने इंजिनीअरिंगची शाखा ठरवली तो २०२५ ला बाहेर पडला.

मग बघायचं काय? आमच्या शेजारची एक मुलगी, मेकॅनिकल डिप्लोमा, तिच्या बाबांनी डेटा सायन्सच्या कोर्सची फी भरायची तयारी केलेली. मी म्हटलं काका, दोन महिने थांबा. तिला एक वही आणायला लावली आणि आठ आठवडे दर रविवारी जाहिराती लिहायला लावल्या, पोर्टलवरच्या, पेपरातल्या, गेटवरच्या, ग्रुपवरच्या सगळ्या. रकाने साधे होते: काम कुठलं, काय येणं कंपल्सरी आहे, अनुभव किती, पगार किती, कंपनीने टाकली की कन्सल्टन्सीने, आणि पहिल्यांदा कधी दिसली.

९१ नोंदी झाल्या. मग एकच जागा तीन कन्सल्टन्सीनी टाकलेली, असल्या डुप्लिकेट काढल्यावर ५८ उरल्या. हा फरक लक्षात घ्या, कारण पोर्टलचे आकडे जाहिराती मोजतात, खुर्च्या मोजत नाहीत. डेटाच्या जागा होत्या, पण बहुतेक पुण्याच्या, आणि जवळजवळ सगळ्यांना दोन वर्षं अनुभव पाहिजे होता, फ्रेशर म्हणून एकच. एका युनिटची व्हीएमसी ऑपरेटरची जाहिरात दर तीन आठवड्यांनी परत येत होती. ती म्हणाली बघा किती मागणी आहे. मी म्हटलं फोन करून विचार आधीचा माणूस का गेला. पगार १४ हजार आणि कायम नाइट शिफ्ट, माणूस टिकतच नव्हता. परत परत येणारी जाहिरात ही बऱ्याचदा वाढ नसते, गळती असते.

तिने 'काय येणं कंपल्सरी' या रकान्यात परत परत येणाऱ्या गोष्टींखाली लाल पेनाने रेघ मारली. ड्रॉइंग वाचणं आणि त्यातल्या माप-आकाराच्या खुणा म्हणजे जीडी अँड टी, पार्टची मापं तपासणारं सीएमएम मशीन चालवणं, गिऱ्हाइकाकडून पार्ट मंजूर करून घ्यायचे पीपॅपचे कागद, एक्सेल. आणि हे फक्त फाउंड्रीच्या जाहिरातीत नव्हतं, पंपवाले, अॅल्युमिनियम डाय कास्टिंगवाले, साताऱ्याचे, बेळगावचे, पुण्याचे, सगळे तेच मागत होते. हे बघणं महत्त्वाचं, कारण जे कौशल्य चार वेगवेगळ्या धंद्यांना लागतं ते एक धंदा मंदावला तरी दुसरीकडे घेऊन जाता येतं. तिने तीन महिन्यांचा सीएमएमचा कोर्स केला, एक्सेल घरीच पक्कं केलं, आणि गोकुळ शिरगावला क्वालिटीत लागली. पगार फार मोठा नाही. पण सहा महिन्यांनी तिथल्या रिजेक्शनच्या नोंदी एक्सेलमधे टाकून साच्याच्या कुठल्या कॅव्हिटीत ब्लोहोल, म्हणजे हवेची भोकं, जास्त येतात ते तिनेच काढून दाखवलं, आणि आता साहेब डेटाचं काम तिच्याकडेच देतात.

आठ आठवड्यांची वही पुढच्या दहा वर्षांचं सांगू शकत नाही, एका सीझनचंच चित्र येतं, म्हणून सहा महिन्यांनी परत लिहायची आणि काय बदललं ते ताडून बघायचं. ज्याला गणित मनापासून आवडतं, पुण्याला जायची तयारी आहे, त्याने डेटा सायन्स खुशाल करावं, माझा विरोध त्या विषयाला नाही. फक्त क्लासवाल्याला फी भरायच्या आधी मागच्या बॅचच्या दहा पोरांचे नंबर मागा आणि त्यांना विचारा, पहिली नोकरी किती महिन्यांनी लागली आणि तिथं काम डेटाचंच मिळालं का.