गोळी, पुडी आणि एक रत्नागिरीकर

एडीएचडी, म्हणजे लक्ष न टिकणं आणि अति चळवळ, या विकारावर मुलांना देतात त्या मिथिलफेनिडेटच्या गोळीबद्दल मी लेख लिहिला होता. त्यावर हे पत्र आलं:

«ताई, लेख वाचला. मेडिकलचं दुकान आहे म्हणून गोळ्यांची जाहिरात चाललीय, दुसरं काही नाही. ही मिथिलफेनिडेटची गोळी काय आणि ॲम्फेटामिनची पुडी काय, दोन्ही मेंदूत डोपामिनच वाढवतात, मग फरक काय राहिला? आमच्या वेळी अशी मुलं आंब्याच्या बागेत सोडली की सरळ व्हायची. तरतरीच हवी तर सकाळी कोरी कॉफी द्या पोराला. पालकांना फसवू नका.» – एक रत्नागिरीकर

रत्नागिरीकर साहेब, नाव न लिहिता ‘ताई’ म्हणायचं आणि पुढच्याच वाक्यात गल्ल्यावर घसरायचं, ही कुठली रीत? मतभेद असू द्यात. पण हेतूवर बोट ठेवायचं तर आधी थोडी चौकशी करायची.

केली असतीत तर कळलं असतं, की मालवणातल्या माझ्या दुकानात ही गोळी मिळतच नाही. मिथिलफेनिडेट शेड्यूल एक्समध्ये, म्हणजे कडक नियंत्रणाच्या औषधांच्या यादीत येतं. ते विकायला वेगळा परवाना लागतो, माल फक्त त्याच्यासाठी ठेवलेल्या कपाटात कुलूपबंद ठेवावा लागतो, डॉक्टरची चिठ्ठी दोन प्रतींत लागते आणि त्यातली एक दुकानदाराने दोन वर्षं जपून ठेवायची असते. एवढा व्याप मी केलेला नाही. ज्या मालावर मला एक रुपया सुटत नाही, त्याची जाहिरात मी कशाला करू?

एक मान्य करते. या गोळीने भूक मरते, त्याबद्दल मी लेखात शेवटी दोनच ओळी लिहिल्या होत्या. जास्त लिहायला हव्या होत्या, आज लिहिते.

आता तुमचं डोपामिनचं वाक्य. ते अर्धं खरं आहे, म्हणूनच पालकांना घाबरवायला सोयीचं आहे. मेंदूतली पेशी डोपामिन हे निरोप पोचवणारं रसायन बाहेर सोडते आणि ट्रान्सपोर्टर नावाचं प्रथिन ते परत आत ओढून घेतं. मिथिलफेनिडेट ही परतीची वाट अडवतं. बाईंनी फळ्यावर गणित मांडलं, मुलाच्या पेशीने थोडं डोपामिन सोडलं, तर ते जरा जास्त वेळ बाहेर टिकतं. नॉरॲड्रेनालिन या दुसऱ्या निरोप्याचंही तसंच. ॲम्फेटामिन आणखी पुढे जातं. ते त्याच ट्रान्सपोर्टरमधून पेशीत शिरतं, आतल्या पिशव्यांत साठवलेलं डोपामिन बाहेर काढतं आणि ट्रान्सपोर्टर उलटा चालवतं. मग पेशीला काही सांगायचं असो वा नसो, डोपामिन बाहेर येतच राहतं.

पण नुसतं एवढं सांगून मी सुटणार नाही, कारण अमेरिकेत ॲम्फेटामिनसुद्धा याच विकारावर रीतसर औषध म्हणून देतात. खरा फरक वेगाचा आहे. न्यूयॉर्कजवळच्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेत नोरा वोल्कोव आणि सहकाऱ्यांनी 1990च्या दशकात प्रौढ माणसांच्या मेंदूचे पेट स्कॅन केले. तोंडाने घेतलेल्या 20 मिलिग्रॅम मिथिलफेनिडेटने निम्म्याहून अधिक ट्रान्सपोर्टर अडवले. शिरेतून घेतलेलं कोकेनही निम्म्याहून अधिक अडवतं आणि त्याने किक बसते. पकड जवळजवळ सारखी, मग तोंडाने घेणाऱ्यांना किक का नाही? कारण शिरेतलं कोकेन चार ते सहा मिनिटांत मेंदूत शिखराला पोचतं, तोंडाने घेतलेल्या गोळीला तास-दीड तास लागतो. आणि हे मुद्दाम वाचा: हेच मिथिलफेनिडेट शिरेतून दिलं तेव्हा ते आठ-दहा मिनिटांत शिखराला पोचलं आणि लोकांना किक जाणवली. रेणू तोच, वाट बदलली.

पोफळीच्या आळ्यात पाटाने पाणी सोडलं की आळं भरतं. बंधारा फुटून तेच पाणी आलं तर आळ्यासकट रोप जातं. रत्नागिरीचे आहात, यापेक्षा जास्त काय समजावू?

आणि हे मी पुस्तकात वाचून सांगत नाहीये. माझा देवगडचा भाचा नऊ वर्षांचा आहे आणि ही गोळी घेतो. माझी बहीण त्यासाठी दर महिन्याला घाट चढून कोल्हापूरला जाते. तुम्ही गेला आहात का कधी कोणासाठी? शाळेत आणि घरी, दोन्हीकडे तक्रारी होत्या, बाईंनी आणि आईवडिलांनी वेगवेगळे तक्ते भरले, आणि मगच डॉक्टरांनी पाच मिलिग्रॅमपासून सुरुवात केली. आता सकाळी न्याहारीनंतर दहा, दुपारी शाळेत दहा. अर्ध्या-पाऊण तासाने असर सुरू होतो आणि चारेक तासांत उतरतो. उतरताना तो तास-अर्धा तास चिडतो, रडवेला होतो. नशा उतरली असं शेजारणीला वाटतं, पण गोळी संपल्याची ती वेळ असते. संध्याकाळी गोळी नाही, नाहीतर झोप उडते.

भुकेचं म्हणाल तर बहिणीचं पहिल्या महिन्यातलं वाक्य असं होतं: “डबो तसोच परत इलो गो.” म्हणून आता गोळीच्या आधी पोटभर न्याहारी, आणि संध्याकाळी सात वाजता उकड्या भाताबरोबर माशाचं कालवण. तेव्हा मात्र तो दोनदा वाढून घेतो. दर खेपेला वजन, उंची, नाडी आणि रक्तदाब लिहून ठेवतात. वजनाची रेघ सपाट झाली तर डोस कमी करतात किंवा सुट्टीत खंड देतात.

धोका नाही असं मी कुठेही म्हटलेलं नाही. गोळी कुटून नाकाने ओढली की बंधारा फुटलाच. परीक्षेच्या दिवसांत कॉलेजातली पोरं मित्राची गोळी मागतात, तो धोकाही खरा आहे. तो ओळखता येतो: तीस दिवसांच्या गोळ्या बाविसाव्या दिवशी संपतात, ‘हरवल्या’ असं दुसऱ्यांदा ऐकू येतं, मुलगा रात्रभर जागतो, विनाकारण संशय घेतो, छाती धडधडते म्हणतो. म्हणून डबी बहिणीच्या कपाटात असते, भाच्याच्या दप्तरात नाही. शाळेतली गोळीही बाईच देतात. काही गोळ्या मुद्दाम अशा केलेल्या असतात की कुटायला जड जातं. बाहेरच्या थरातून थोडं औषध लगेच सुटतं आणि बाकीचं आतून दिवसभर ढकललं जातं. आणि डॉक्टरांच्या देखरेखीखाली घेणारी मुलं पुढे जास्त व्यसनी होतात, असं आजवरच्या अभ्यासांत दिसलेलं नाही. तुमची पुडी या सगळ्यात कुठे बसते, ते तुम्हीच सांगा.

कॉफीवर दोन ओळी पुरेत. कॅफिन डोपामिनच्या ट्रान्सपोर्टरला हात लावत नाही. ते ॲडेनोसिनची जागा अडवतं, म्हणजे थकवा कळवणारा निरोप दाबतं. झोप उडते, लक्ष लागतंच असं नाही, आणि या विकारावर ते मिथिलफेनिडेटच्या पासंगालाही पुरत नाही. नऊ वर्षांच्या पोराला रिकाम्या पोटी कोरी कॉफी द्या म्हणणाऱ्याने ‘पालकांना फसवू नका’ लिहावं, याला काय म्हणावं? असो.

राहिली तुमची आंब्याची बाग. भाचा बागेतच वाढलाय हो. त्याच्या घराच्या तिन्ही बाजूंना हापूस आहे, मोहोर येतो तेव्हा दार उघडं ठेवता येत नाही. तिथेच एका फांदीवरून दोनदा पडून हात मोडून घेतलाय त्याने.